स्नेहसंमेलनाचं निवेदन: दोन कार्यक्रमांमधला जोड कसा लिहायचा

शाळेत नव्याने लागलेल्या शिक्षकाच्या किंवा शिक्षिकेच्या गळ्यात डिसेंबरात हमखास पडणारं काम म्हणजे गॅदरिंगचं सूत्रसंचालन. "तुमचं मराठी चांगलं आहे, तुम्हीच करा," असं मुख्याध्यापक म्हणतात आणि आपण त्या रात्री घरी बसून चारोळ्या शोधायला लागतो. मीही तेच केलं होतं. कोल्हापुरातल्या एका शाळेच्या मैदानावर मांडव होता, समोर सातशे-आठशे पालक होते. पहिलीच्या मुलांचं बेडकांचं नृत्य होतं आणि मी त्याआधी पावसावरची एक लांबलचक कविता लिहून आणली होती. मी कविता वाचत होते तेव्हा मुलं अंधारात मंचावर येऊन, मुखवटे लावून, उकिडवी बसली होती. दोन मिनिटं गाणं लागेना, म्हणून पुढचा एक मुलगा रडायला लागला. शेजारी स्टँडचा माईक चालूच होता. त्याचं रडणं मांडवाच्या शेवटच्या रांगेपर्यंत गेलं, मग आणखी दोघं रडले आणि नृत्य अर्ध्या मुलांनीच केलं. त्या मुलाची आई नंतर मला काही बोलली नाही, पण त्याला कडेवर घेऊन जाताना तिने माझ्याकडे पाहिलं ते मला आजही आठवतं.

त्याच रात्री पुढे उलटंही घडलं. एका नाटुकल्याआधी माझं निवेदन दहा सेकंदांत संपलं आणि बाकं, फळा, माईक लावायला पुढची सव्वा मिनिटं गेली. मंच रिकामा, मी गप्प आणि लोक एकमेकांशी बोलायला लागलेले. ते नाटुकलं कुणाला ऐकूच गेलं नाही.

दोन्ही चुकांचं कारण एकच होतं. मी निवेदन कार्यक्रमाच्या विषयावरून लिहिलं होतं. ते लिहायचं असतं मंच बदलायला लागणाऱ्या वेळेवरून. छोटे छोटे वीस-पंचवीस कार्यक्रम असलेल्या संमेलनात निवेदकाचं मुख्य काम म्हणजे हे जोड सांभाळणं. खाली जे लिहितेय ते त्याबद्दलच आहे.

लिहायला बसण्याआधी हाताशी हवं ते

- कार्यक्रमपत्रिकेची सगळ्यात ताजी प्रत, वर तारीख आणि वेळ लिहिलेली. (दर दोन दिवसांनी क्रम बदलतो. तुमच्याकडे एक, साऊंडवाल्याकडे दुसरी आणि ग्रीन रूमच्या दारावर तिसरी असं होऊ देऊ नका.)
- प्रत्येक कार्यक्रमाची माहिती: इयत्ता, तुकडी, मुलांची संख्या, वेळ, बसवणाऱ्या शिक्षकांचं नाव, मंचावर लागणारं सामान, किती माईक.
- एकापेक्षा जास्त कार्यक्रमांत असलेल्या मुलांची यादी.
- पाहुण्यांची नावं आणि हुद्दे त्यांच्या कार्यालयाकडून किंवा त्यांच्याकडूनच लेखी घेतलेले, आणि उच्चार फोनवर विचारून घेतलेला.
- एक स्टॉपवॉच. मोबाईलमधलं चालेल.

१. आधी जोड मोजा

सराव चालू असताना मोबाईल घेऊन मंचाशेजारी बसा. मागचं गाणं संपलं की घड्याळ चालू करा आणि पुढच्या गटातलं शेवटचं मूल आपल्या जागेवर उभं राहिलं की बंद करा. हा तुमचा जोड. बहुतेक शिक्षक नाच बसवतात, पण मंचावर यायचं कसं आणि जायचं कुठून हे बसवतच नाहीत, त्यामुळे पहिल्या मोजणीला आकडे भयंकर येतात. घाबरू नका, मुलांना उजव्या विंगेतून येऊन डाव्या विंगेत जायची सवय लागली की ते निम्म्यावर येतात. येणारे आणि जाणारे एकाच बाजूने असले तर मात्र कितीही सराव केला तरी गर्दी होतेच.

सगळे जोड मोजून झाले की ते साधारण तीन प्रकारांत बसतात. मोकळ्या मंचावरून मोकळ्या मंचावर, मुलं मोठी आणि थोडी, तर पंचवीस सेकंद. तीस-चाळीस मुलांचा गट किंवा बालवाडी ते दुसरीची मुलं, तर पन्नास सेकंद. सामान, बाकं किंवा माईक लावायचे-काढायचे असतील तर शंभर सेकंद आणि त्याहून जास्त.

माझ्या गेल्या संमेलनाचं गणित सांगते. बावीस कार्यक्रम होते, त्यांची नुसती सादरीकरणाची वेळ ९२ मिनिटं. बावीस कार्यक्रमांत एकवीस जोड: नऊ लहान, आठ मध्यम, चार मोठे. म्हणजे २२५ अधिक ४०० अधिक ४०० सेकंद, सगळे मिळून जेमतेम सतरा मिनिटं. उद्घाटन, अहवाल आणि भाषणं ४५ मिनिटं, बक्षीस समारंभ २५ मिनिटं. एकूण तीन तासांच्या आत. साडेपाचला सुरू केलं तर साडेआठ, आणि अर्धा तास उशीर धरला तरी नऊ. उघड्या मैदानावर रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक लावता येत नाही, त्यामुळे ही बेरीज आधी करावीच लागते. आता हेच एकवीस जोड मी सरसकट दीड-दीड मिनिटाचे लिहिले असते तर साडेएकतीस मिनिटं झाली असती. जादाची चौदा मिनिटं नुसत्या बोलण्यात गेली असती, आणि तीसुद्धा मुलं अंधारात उभी असताना.

२. क्रम तुम्हाला ठरवू देत नसतील तरी तीन गोष्टींसाठी भांडा

पहिली: बालवाडी आणि पहिली-दुसरीचे कार्यक्रम सात वाजायच्या आत संपले पाहिजेत. त्यानंतर ती मुलं पेंगतात, मेकअप चोळतात आणि त्यांना सांभाळणाऱ्या बाई ग्रीन रूममध्ये अडकून पडतात.

दुसरी: एकच मूल दोन कार्यक्रमांत असेल तर मध्ये निदान तीन कार्यक्रम हवेत. नऊवारी सोडून कोळ्याचा पोशाख चढवायला, दागिने आणि आंबाडा बदलायला दहा-बारा मिनिटं लागतातच. ही यादी निवेदकाने स्वतः करावी, कारण प्रत्येक शिक्षक फक्त आपल्या गाण्याचा विचार करत असतो. चुकलं की ओरडा मात्र मंचावर उभ्या असलेल्या माणसाच्या नावाने होतो.

तिसरी आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची: मोठ्या जोडाच्या आधी एक एकट्या मुलाचा कार्यक्रम टाका. एकपात्री, कथाकथन, एकटीचं गाणं, काहीही. नाट्यगृहात तो पडद्यापुढे होतो आणि पडद्यामागे सामान लागतं. मांडवात पडदा नसतो. तिथे मंचाच्या डाव्या कोपऱ्यात एक दिवा ठेवायचा आणि बाकीचा मंच अंधारात ठेवायचा. त्या तीन-चार मिनिटांत मागची माणसं बाकं काढतात, वायरी गुंडाळतात. शंभर सेकंदांचा जोड पंचवीसवर येतो आणि कथाकथनासारख्या शांत कार्यक्रमालाही जागा मिळते. कथाकथन दोन दणदणीत नाचांच्या मध्ये नुसतं टाकलं तर ते वाहून जातं. मागे सामान लागणार असेल तर मात्र सामान हलवणाऱ्या माणसांना चपला काढायला सांगा. फळ्यांच्या मंचावर पावलांचा आवाज फार होतो.

३. प्रत्येक निवेदनाचे तीन तुकडे करा

निरोप, मधला ऐवज आणि हाक. मी हीच नावं वापरते आणि माझ्याबरोबर निवेदन करणाऱ्या नववीच्या मुलामुलींनाही हीच शिकवते.

*निरोप* म्हणजे मागच्या गटासाठी एक वाक्य. टाळ्या वाजत असताना बोलायचं नाही, त्या उतरायला लागल्या की बोलायचं. वाक्यात काहीतरी दिसलेलं हवं. "अप्रतिम, नयनरम्य, डोळ्यांचं पारणं फेडणारं" हे शब्द बावीस वेळा ऐकले की कुणालाच काही वाटत नाही. मंचावर काय घडलं ते पाहा आणि तेच सांगा. हा तुकडा लिहून ठेवायचा, पण मंचावर बदलायची तयारी ठेवायची.

*मधला ऐवज* लवचीक असतो. तो चार-पाच सुट्ट्या वाक्यांचा करा, प्रत्येक वाक्य आपापल्या पायावर उभं राहील असा. वाक्यांच्या मध्ये दोन तिरप्या रेघा मारा. त्या रेघेवर कधीही थांबून थेट हाकेवर उडी मारता आली पाहिजे. म्हणून इथे कविता नको, कारण कविता मध्येच तोडता येत नाही. "त्यामुळे", "म्हणूनच", "परंतु" यांनी सुरू होणारी वाक्यंही नकोत, कारण मागचं वाक्य गाळलं तर ती लोंबकळतात.

ऐवज कुठून आणायचा? सरावातून. नाच बसवणाऱ्या बाईंना विचारा, "सगळ्यात जास्त काय अडलं?" या एका प्रश्नाला दरवेळी काहीतरी मिळतं. कुणाचा घागरा आजीने शिवलेला असतो, कुणी ताप असताना सरावाला आलेलं असतं. पालकांना त्यात रस असतो, कारण ते त्यांच्या घरात घडलेलं असतं. फक्त मुलाच्या आजारपणाचं किंवा घरच्या अडचणीचं काही सांगायचं असेल तर आधी पालकांना विचारा.

*हाक* म्हणजे शेवटचं वाक्य. इयत्ता, तुकडी आणि सगळ्यात शेवटी कार्यक्रमाचं नाव. हे वाक्य शब्दाशब्दाने ठरलेलं असतं आणि ते कधीही बदलायचं नाही, कारण त्याच्या शेवटच्या शब्दावर साऊंडवाला गाणं लावतो आणि दिवेवाला दिवे. कार्यक्रमाचं नाव आधी घेऊन मग आणखी दोन वाक्यं बोलण्याची चूक नवे निवेदक सर्रास करतात. नाव ऐकलं की साऊंडवाला बटण दाबतो आणि तुमचं बोलणं गाण्याखाली गाडलं जातं. म्हणून नाव निवेदनात एकदाच, आणि शेवटी.

लांबी किती? मंचावर माईकसमोर मी मिनिटाला साधारण शंभर शब्द बोलते. तुम्ही एक पान मोठ्याने वाचून आपला वेग मोजा. माझ्या वेगाने पंचवीस सेकंदांना चाळीस शब्द, पन्नासला ऐंशी, शंभरला एकशे साठ होतात.

४. चार जोड, जसेच्या तसे

सातवा कार्यक्रम दुसरीची फुलपाखरं, आठवा आठवीची लेझीम, नववा सहावीचं नाटुकलं, दहावा एका मुलीची एकपात्री, अकरावा मर्दानी खेळ.

फुलपाखरांनंतर लेझीम. मोजलेला जोड पन्नास सेकंदांचा, कारण अडतीस लहान मुलं पंख सांभाळत जातात.

"दुसरीच्या फुलपाखरांसाठी टाळ्या चालू राहू द्या, शेवटचं फुलपाखरू अजून विंगेत पोचायचंय. // पुढचं वाद्य हातात घेतलं की आधी मनगट दुखतं, मग खांदा. // आठवीच्या चोवीस मुलामुलींनी नोव्हेंबरपासून शाळा सुटल्यावर रोज मैदानात चाळीस मिनिटं सराव केलाय. // पहिल्या आठवड्यात चोवीस जणांचे चोवीस आवाज यायचे. // शेजारच्या गल्लीतल्या एक आजी कुंपणाशी उभ्या राहून ताल सांगायच्या, त्या आज इथे आल्यात. // आज एकच आवाज येतो का, ते तुम्ही ऐका. आठवी ब सादर करतेय, लेझीम."

इथे एक गोष्ट मोजणीत आलीच नव्हती. हलगी कातड्याची होती. थंडीतल्या संध्याकाळी दमट हवेने कातडं सैल पडतं आणि हलगी बद बद वाजते, म्हणून वाजवणारे ती ऐन वेळी शेकतात. फार आधी शेकली तर मंचावर येईपर्यंत पुन्हा उतरते. सराव दुपारी उन्हात झाला होता, तेव्हा शेकायची गरजच पडली नव्हती. कार्यक्रमाच्या रात्री पन्नासचे पंचाहत्तर सेकंद झाले. ऐवजातली सगळी वाक्यं वापरावी लागली आणि वर त्या आजींना हात वर करायला सांगून मी वेळ काढला. तुमच्याकडे कातड्याचं वाद्य असेल तर वाजवणाऱ्यांना आधीच विचारा, आणि शेकायची जागा मांडवाच्या कापडापासून लांब, पाण्याची बादली शेजारी, अशी ठरवून द्या. फायबरची हलगी असेल तर हा प्रश्न नाही.

लेझमीनंतर नाटुकलं. दोन बाकं, एक फळा, तीन स्टँडचे माईक. शंभर सेकंद.

"आठवी ब, हलगी थांबली तरी तुमचे पाय थांबत नाहीयेत! // आता मंचावर एक वर्ग उभा राहतोय. बाकं येतायत, फळा येतोय. // हा वर्ग आहे साधारण शंभर वर्षांपूर्वीचा. // राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं. // मूल शाळेत पाठवलं नाही तर पालकांना दंड होता. // घरी धाकट्याला सांभाळायला, शेरडं राखायला जी पोर लागायची, तिला शाळेत पाठवणं आईबापांच्या किती जिवावर आलं असेल, याचा विचार सहावीच्या मुलांनी केला. // संवाद त्यांनी स्वतः लिहिलेत, बाईंनी फक्त शुद्धलेखन तपासलंय. // नाटुकल्यातल्या आजीच्या अंगावरचं लुगडं तिच्या खऱ्या आजीचं आहे, आणि ते नेसवायलाही त्याच आल्या होत्या. // एक विनंती, मुलं माईकशिवाय थोडं बोलणार आहेत, पाच मिनिटं शांतता ठेवूया. इयत्ता सहावी सादर करतेय नाटुकलं, पाटी."

सामान लागत असताना ते झाकायचा प्रयत्न करू नका. "बाकं येतायत, फळा येतोय" असं म्हटलं की लोक तिकडेच बघतात आणि ती धावपळही कार्यक्रमाचा भाग होते. शांततेची विनंती मुद्दाम शेवटून दुसरी आहे. आधी केली तर दीड मिनिटात लोक विसरतात. ही विनंती मात्र गाळायची नाही, म्हणून कार्डावर तिच्याखाली रेघ आहे.

नाटुकल्यानंतर एकपात्री. पंचवीस सेकंद. मुलगी कॉर्डलेस माईक घेऊन आधीच डाव्या कोपऱ्यात खाली उभी होती.

"पाटी फुटली तेव्हा पहिल्या रांगेत कुणीतरी 'अगं बाई' म्हणालं, ते मला इथे ऐकू आलं. // आता पूर्ण मंच नको, फक्त एक कोपरा पुरे. // हिला गर्दीत उभं राहायची भीती वाटायची, असं तिनेच मला सांगायला सांगितलंय. सातवीची विद्यार्थिनी सादर करतेय एकपात्री, एसटीतली जागा."

(प्रत्यक्षात मुलीचं नाव घेतलं होतं. एकट्या मुलाचा कार्यक्रम असेल तर पूर्ण नाव घ्याच, आणि उच्चार त्याच्याकडूनच ऐकून घ्या.)

ती बोलत होती त्या चार मिनिटांत मागची बाकं गेली, तिन्ही माईक गेले, वायरी गेल्या. मर्दानी खेळाला हे सगळं हलवावंच लागतं. काठी फिरवताना पायात वायर आली किंवा माईकच्या स्टँडला काठी लागली तर इजा होते. त्यामुळे त्या जोडाला विंगेतून दोन खुणा घ्यायच्या असतात: मंच मोकळा आहे ही एक आणि मुलं तयार आहेत ही दुसरी. निवेदन मात्र छोटं.

"एसटीत आता कुणी जागा मागितली तर तुम्हाला ही मुलगी आठवेल. // पुढचा प्रकार कोल्हापुरात आजही आखाड्यात, वस्तादांच्या हाताखाली शिकला जातो. // पुढच्या रांगेतल्या छोट्या मित्रांनो, मंचाला टेकू नका, मागे सरका. // आपल्या शाळेच्या नऊ मुली आणि सात मुलं सादर करतायत, मर्दानी खेळ."

५. विंगेतल्या माणसाशी खुणा ठरवा

हाक कधी द्यायची हे तुमच्या कार्डावर नसतं, ते विंगेत ठरतं. तिथे एकच माणूस असू द्या. आमच्याकडे खेळाचे सर असतात, कारण मुलं त्यांचं ऐकतात. दोन माणसं असली की एक हो म्हणतो आणि दुसरा थांबा.

तोंडी निरोप आणि फोन दोन्ही निरुपयोगी, कारण स्पीकरच्या आवाजात काही ऐकू येत नाही. आम्ही मोबाईलच्या टॉर्चवर रंगीत जिलेटीन कागद लावतो, रबरबँडने. लाल दिवा म्हणजे बोलत राहा. हिरवा म्हणजे मुलं जागेवर, चालू वाक्य संपवा आणि हाक द्या. हिरवा दिवा दिसल्यावर ऐवजाचं एकही नवं वाक्य सुरू करायचं नाही, ते कितीही आवडतं असलं तरी. याची सवय लागायला मला दोन वर्षं लागली. आवडतं वाक्य राहून गेलं की वाईट वाटतं, पण ते फक्त तुम्हालाच माहीत असतं.

हिरवा दिवा येईना आणि वाक्यंही संपली, तर "थोडं तांत्रिक कारणामुळे" असं म्हणू नका. ते ऐकलं की पालक मोबाईल काढतात. राखीव कार्ड काढा, त्याबद्दल पुढे लिहिलंय.

६. साऊंडवाल्याची वेगळी प्रत

त्याला तुमची पूर्ण संहिता देऊ नका, तो वाचत नाही आणि वाचायला वेळही नसतो. एका पानावर तीन रकाने द्या: क्रमांक, हाकेचे शेवटचे तीन शब्द, गाण्याच्या फाईलचं नाव. पेनड्राइव्हमध्ये फाईलींना कार्यक्रमाच्या क्रमांकाने नावं द्या, आणि एक ते नऊच्या आधी शून्य लावा, नाहीतर यादीत एकच्या खाली दहा येतो. ही फाईलींची यादी अशी दिसायला हवी:

```
07_phulpakhare.mp3
08_lezim_entry.mp3
09_patee_bell.mp3
11_mardani.mp3
```

दहावा नाही, कारण एकपात्रीला गाणं नव्हतं. असा खळगा असेल तर त्याला आधी सांगून ठेवा, नाहीतर तो शोधत बसतो. दुसरा पेनड्राइव्ह तुमच्या खिशात असू द्या. क्रम शेवटच्या क्षणी बदलला तर फाईलींचे क्रमांक बदलू नका, कागदावरचा क्रम बदला.

७. कार्डं

एका कार्डावर एकच जोड. जाड कागद, वहीच्या पानाच्या निम्मा, अक्षर वीस पॉइंटचं, वरच्या कोपऱ्यात मोठा क्रमांक आणि त्याखाली सेकंद. स्टेपल करू नका. एखादा कार्यक्रम पुढे-मागे गेला की कार्ड नुसतं उचलून दुसरीकडे ठेवता येतं. मैदानावर वारं असतं, म्हणून वर एक कडी आणि खाली एक कपड्याचा चिमटा. मोबाईलवरून वाचू नका. स्क्रीनचा निळा उजेड खालून चेहऱ्यावर पडतो आणि ऐन वेळी कुणाचातरी फोन येतो.

दोन निवेदक असतील तर एक जोड एकाने, पुढचा दुसऱ्याने. एकच निवेदन दोघांत संवादासारखं वाटून घेतलं की पन्नासचे ऐंशी सेकंद होतात, आणि हिरव्या दिव्यावर कुणी थांबायचं हे दोघांनाही कळत नाही.

८. उद्घाटनाचा भाग सुटा ठेवा

प्रतिमापूजन, दीपप्रज्वलन, स्वागत, प्रास्ताविक, अहवाल, मनोगतं. हा क्रम शाळेचा ठरलेला असतो, त्यात डोकं घालू नका. फक्त पाहुणे उशिरा येतील हे गृहीत धरून तीन कार्यक्रम असे निवडून ठेवा की ज्यांना सामान लागत नाही आणि ज्यांची मुलं आधी तयार होतात. पाहुणे आले नाहीत तर ते आधी होतात आणि पाहुणे आले की चालू कार्यक्रम संपल्यावर उद्घाटन. या तिन्ही कार्डांवर क्रमांकाऐवजी चांदणी असते. ज्यांची मुलं या तीनमध्ये आहेत त्या पालकांना आधी निरोप द्या, नाहीतर पाहुण्यांच्या आधी आपल्या लेकराचा नाच झाला आणि बाबा अजून कामावरून यायचेत, असं होतं.

दिवा लावताना समईपाशी वाऱ्याने वेळ लागतो. तिथे बोलत राहू नका. ईशस्तवनाची धून मागे लावून ठेवा.

९. राखीव कार्डं

तीन पुरतात, प्रत्येक दीड-दोन मिनिटांचं. माझं पहिलं म्हणजे मुलांना विचारायची चार कोडी, उत्तर प्रेक्षकांतून येईल अशी. दुसरं पडद्यामागच्या माणसांची नावं: शिपाई मामा, ड्रेपरीवाले, रंगभूषा करणाऱ्या आई, बस थांबवून ठेवलेले ड्रायव्हर काका. हे आभारात घेतलं तर कुणी ऐकायला थांबलेलं नसतं, इथे घेतलं की टाळ्या मिळतात. तिसरं सूचनांचं: सापडलेली किल्ली, आडवी लावलेली गाडी, मुलांना न्यायला कोणत्या दाराशी यायचं. या सूचना एरवी मध्येच कुणीतरी चिठ्ठीवर आणून देतं. त्या लगेच वाचू नका, या कार्डाला चिमट्याने लावून ठेवा. मूल हरवलं असेल तर मात्र ताबडतोब सांगा, मंचावर कुणीही असो.

१०. जोडांची तालीम

रंगीत तालीम सगळ्या शाळांत होते. तिच्याशिवाय एक वेगळी तालीम मागून घ्या, एका तासाची. त्यात नाच पूर्ण करायचे नाहीत. प्रत्येक कार्यक्रमाची शेवटची दहा सेकंदं, मग मुलं बाहेर, निवेदन, नवी मुलं आत, हाक, गाण्याची पहिली दहा सेकंदं, की थांबवायचं आणि पुढचा जोड. एकवीस जोडांना नुसती पंचवीस मिनिटं लागतात, आणि जे अडकतात ते पुन्हा करायला उरलेला वेळ. ती संध्याकाळी घ्या, ज्या वेळी कार्यक्रम असणार त्याच वेळी. दिवे लावून, साऊंडवाल्याला बोलावून.

मुख्याध्यापक म्हणतील की एवढ्या मुलांना पुन्हा थांबवता येणार नाही. मग निदान चार मोठे जोड आणि लहान मुलांचे जोड मागा. ते मिळतात.

तालमीत घड्याळ घेऊन एका मुलाला बसवा आणि प्रत्येक कार्डावर नवा आकडा लिहा. जिथे मोजलेला आणि लिहिलेला आकडा दहा सेकंदांपेक्षा जास्त चुकतो, तेवढंच निवेदन घरी नेऊन कापा किंवा वाढवा. बाकीच्यांना हात लावू नका.

११. त्याच रात्री

कार्डं फेकू नका. घरी जायच्या आधी, मांडवाचे दिवे उतरत असताना, प्रत्येक कार्डाच्या मागे खरा वेळ आणि एका ओळीत कारण लिहा. सकाळी आठवत नाही. माझ्या लेझमीच्या कार्डामागे लिहिलंय: "५० नाही, ७५. हलगी शेकायला. पुढच्या वर्षी यांच्याआधी एकट्याचा कार्यक्रम."